तिसरा मेसेज कुणासाठी?

दाताच्या दवाखान्यात रूट कॅनालच्या एका बैठकीसाठी साधारण पाऊण तास राखून ठेवतात. पेशंट न कळवता गैरहजर राहिला तर हा पाऊण तास परत मिळत नाही. निर्जंतुक करून ठेवलेली हत्यारं तशीच राहतात आणि डॉक्टर रिकामे बसतात. त्याच दिवशी सकाळी दाढ ठणकतेय म्हणून फोन केलेल्या कुणाला तरी मात्र ‘आज जागा नाही, परवा या’ असं सांगितलेलं असतं. म्हणून दवाखाने अपॉइंटमेंटची आठवण करून देतात. हल्ली संगणकावर एकदा नेमून दिलं की मेसेज आपोआप जातात आणि एकाऐवजी पाच पाठवायलाही फारसा खर्च येत नाही. खरी अडचण इथूनच सुरू होते. पाठवणाऱ्याला जे फुकट वाटतं त्याची किंमत घेणाऱ्याला मोजावी लागते. दिवसभर बँक, वीज मंडळ, मुलांची शाळा आणि विम्यावाले यांच्या मेसेजनी भरलेल्या फोनवर आणखी एक मेसेज येऊन पडतो.

तर मग आठवण किती वेळा करावी? दोन आठवणींमध्ये अंतर किती ठेवावं? हा निव्वळ अंदाजाचा प्रश्न नाही. यावर बरंच संशोधन झालेलं आहे आणि थोडा विचार केला तर कुठल्याही लहान दवाखान्याला वापरता येईल असं उत्तर त्यातून निघतं. ते थोडक्यात असं: प्रत्येक मेसेजला त्याचं स्वतःचं काम असलं पाहिजे, आधीच्या मेसेजने न केलेलं. ज्या मेसेजचं असं काम सांगता येत नाही तो पाठवू नये.

न येणारे दोन प्रकारचे

अपॉइंटमेंट चुकवणाऱ्या सगळ्यांना आपण विसरभोळे समजतो. पण रिसेप्शनवर काही महिने बसलेल्या कुणालाही विचारा, त्यात दोन वेगळे गट असल्याचं ते सांगतील. पहिला गट खरोखर विसरणाऱ्यांचा. तारीख तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि गुरुवार उजाडून मावळूनही जातो. दुसऱ्या गटाच्या सगळं लक्षात असतं, पण त्यांना येणं जमणार नसतं. साहेबांनी रजा दिलेली नसते, घरी पाहुणे येणार असतात किंवा पैशांची सोय झालेली नसते. तसं कळवायचं त्यांच्या मनातही असतं. पण फोन करायचा संकोच वाटतो, केला तर लागत नाही, आणि शेवटी ते राहूनच जातं.

या दोघांना लागणारी आठवण वेगळी आहे. विसरणाऱ्याला ती अपॉइंटमेंटच्या जवळ हवी. आठवडाभर आधी सांगितलं तर तो पुन्हा विसरेल. ज्याला जमणार नाही त्याला ती लांबून हवी, म्हणजे तारीख बदलायला त्याला वेळ मिळेल आणि दवाखान्यालाही रिकामी होणारी वेळ दुसऱ्या कुणाला देता येईल. आदल्या रात्री ‘मी येऊ शकत नाही’ असं कळून दवाखान्याचा फारसा फायदा होत नाही, खुर्ची रिकामीच राहते. म्हणून एकच मेसेज पाठवायचा म्हटलं की ओढाताण होते: जवळ पाठवावा तर वेळ भरून काढता येत नाही, लांब पाठवावा तर माणूस विसरतो. दोन मेसेज पाठवण्याचं खरं कारण हे आहे. एकच गोष्ट दोनदा सांगण्यासाठी दुसरा मेसेज नसतो, त्याचं काम निराळं असतं.

आकडे काय सांगतात

मेसेजचा उपयोग होतो, हे आता नक्की माहीत आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये मोबाइलवरच्या आठवणींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात आठ चाचण्या आणि साडेसहा हजारांहून अधिक लोक होते. आठवण न केलेल्यांपैकी ६७.८ टक्के लोक ठरल्या वेळी आले. मेसेज गेलेल्यांपैकी ७८.६ टक्के आले आणि फोन केलेल्यांपैकी ८०.३ टक्के. मेसेज आणि फोन यांत फारसा फरक निघाला नाही. फोनसाठी माणसाचा वेळ जातो, मेसेजला जात नाही. त्यामुळे सगळ्यांसाठी मेसेज आणि मोजक्या लोकांसाठी फोन, ही विभागणी या आढाव्यावरून योग्य ठरते.

एक की दोन, हा पुढचा प्रश्न अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ‘कायझर पर्मनंटे’ या मोठ्या आरोग्यसंस्थेत तपासला गेला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नास हजारांहून अधिक पेशंटांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटाला तीन दिवस आधी एक आठवण, दुसऱ्याला एक दिवस आधी एक, आणि तिसऱ्याला दोन्ही वेळा. फक्त तीन दिवस आधी आठवण केलेल्यांपैकी ५.८ टक्के लोकांनी अपॉइंटमेंट चुकवली, फक्त आदल्या दिवशी केलेल्यांपैकी ५.३ टक्के लोकांनी, आणि दोन्ही वेळा केलेल्यांपैकी ४.४ टक्के लोकांनी. म्हणजे दोन आठवणी एकीपेक्षा चांगल्या ठरल्या.

पण हे आकडे जरा थांबून वाचायला हवेत. ५.३ वरून ४.४, म्हणजे हजार अपॉइंटमेंटमागे नऊ चुकायच्या वाचल्या. या नऊंसाठी हजार मेसेज जास्तीचे गेले. उरलेल्या ९९१ जणांच्या येण्या-न येण्यात त्या जास्तीच्या मेसेजमुळे काही बदल झाला नाही, आणि त्यांतले बहुतेक तर येणारच होते. माणसं वैतागतात ती इथे. जास्तीच्या मेसेजचा लाभ थोड्यांना होतो आणि त्रास सगळ्यांना वाटून मिळतो. तिसरा मेसेज सुरू केला तर हे प्रमाण आणखी बिघडण्याचाच संभव जास्त, कारण ज्यांच्यावर आठवणीचा परिणाम होतो ते पहिल्या दोन मेसेजमध्येच मार्गी लागलेले असतात. म्हणून दुसरा मेसेज लिहिताना डोळ्यांसमोर ते ९९१ जण असावेत. आपण येणार हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्यालाही या मेसेजातून काहीतरी उपयोगाचं मिळालं पाहिजे. निदान त्याचा वेळ तरी जाऊ नये.

वारंवारता वाढवल्याने परिणाम उलट घटू शकतो, हेही दिसून आलेलं आहे. केनियामध्ये एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांवर झालेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना रोज मेसेज पाठवले, काहींना आठवड्यातून एकदा आणि काहींना एकही नाही. मेसेज न मिळालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी औषधं नेटाने घेतली आणि आठवड्याला एक मेसेज मिळालेल्यांपैकी ५३ टक्के लोकांनी. रोज मेसेज मिळणाऱ्यांचा निकाल मात्र मेसेजच न मिळणाऱ्यांपेक्षा सरस निघाला नाही. तो प्रयोग गोळ्यांचा होता, अपॉइंटमेंटचा नव्हे. पण जे रोज कानावर पडतं त्याकडे माणूस लक्ष देईनासा होतो, ही गोष्ट दोन्हीकडे लागू पडते.

अंतर कसं ठरवायचं

तीन दिवस आणि एक दिवस हे आकडे कोलोरॅडोत लागू पडले म्हणून ते सातारा-सांगलीत डोळे मिटून वापरायची गरज नाही. अंतर दोन मुदतींवरून ठरवावं. पेशंटला आपला बेत बदलायला किती वेळ लागतो, ही पहिली मुदत. रिकामी झालेली वेळ भरायला दवाखान्याला किती वेळ लागतो, ही दुसरी. पहिली आठवण या दोन्ही मुदतींची बेरीज करून तितक्या आधी पाठवायची. दुसरी आठवण पाठवायची ती माणूस दुसऱ्या दिवसाची आखणी करत असतो त्या वेळी.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, तालुक्याच्या गावात दोन खुर्च्यांचा दाताचा दवाखाना आहे. वीस किलोमीटरवरच्या खेड्यातून एसटीने येणाऱ्या एका बाईंच्या रूट कॅनालची दुसरी बैठक आहे. त्या अंगणवाडीत काम करतात. सोमवारी, ६ तारखेला, त्यांना पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची, १६ तारखेची, संध्याकाळी साडेपाचची वेळ दिली. त्या काउंटरवर उभ्या असतानाच त्यांच्या फोनवर तारीख-वेळेचा मेसेज जातो. ही आठवण नव्हे, ही पावती. चुकीचा नंबर उतरवला गेला असेल तर तो तिथेच, त्यांच्यासमोरच कळतो. पुढच्या सगळ्या मेसेजचा भरवसा या पहिल्या मेसेजवर असतो.

आता मुदती बघा. कामावरून लवकर निघायची परवानगी काढायची तर बाईंना एक दिवस लागेल. आणि त्या येणार नसतील तर प्रतीक्षा यादीतल्या दोघातिघांना फोन करून त्यांच्यापैकी कुणाला तरी गुरुवारी साडेपाचला बोलवायला दवाखान्याला दोन दिवस हवेत. म्हणजे बेरीज तीन दिवस. म्हणून पहिली आठवण सोमवारी, १३ तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास. या मेसेजचं काम विचारण्याचं आहे: ‘गुरुवार १६ तारखेला संध्याकाळी ५.३० ला आपली वेळ आहे. येणार असाल तर १, तारीख बदलायची असेल तर २ पाठवा.’

इथून पुढे तीन वाटा फुटतात. बाईंनी १ पाठवला तर मंगळवारी काहीही पाठवायचं नाही. बुधवारी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास एकच छोटा मेसेज: उद्या गुरुवार १६, संध्याकाळी ५.३०, थोडं खाऊन या, आधीचा एक्स-रे सोबत आणा. ज्या बाई येणारच आहेत त्यांनाही यात दोन उपयोगी गोष्टी मिळतात, म्हणून तो मेसेज अंगावर येत नाही. बाईंनी २ पाठवला तर १६ तारखेची आठवण तिथल्या तिथे रद्द करायची, त्यांना फोन करून नवी तारीख द्यायची आणि ती वेळ यादीतल्या पुढच्या पेशंटला द्यायची. आणि त्यांनी काहीच कळवलं नाही, तर बुधवारी मेसेजऐवजी रिसेप्शनवरून फोन करायचा: ‘ताई, उद्या साडेपाचला येताय ना?’ दोन वाक्यांत विषय संपतो. गुरुवारी सकाळी कुणालाही काही पाठवायचं नाही. उत्तर देणाऱ्याला आणखी एक मेसेज म्हणजे टोचणी, आणि फोनही न उचलणाऱ्याच्या बाबतीत आणखी एका मेसेजने काही घडण्याची आशा फार थोडी.

हिशेब केला तर पावती सोडून कुणालाही दोनपेक्षा जास्त वेळा त्रास नाही, आणि फोनची मेहनत फक्त उत्तर न दिलेल्यांवर खर्च झाली. तिसरी आठवण द्यायचीच असेल तर ती पूर्वी दोनदा न कळवता गैरहजर राहिलेल्यांपुरती ठेवावी. सगळ्यांना सरसकट एकच माप लावायचं कारण नाही.

अपॉइंटमेंट किती आधी घेतली आहे यावरूनही संख्या बदलते. आजची किंवा उद्याची वेळ दिली असेल तर पावती पुरे, वेगळ्या आठवणीची गरज नाही. चार-पाच दिवसांत येणार असेल तर आदल्या दिवशीची एक आठवण बस. दोन-चार आठवड्यांनी येणार असेल तर वर सांगितलेल्या दोन. सहा महिन्यांनी दात साफ करायला बोलावलं असेल तर मात्र आधी आठवडाभर एक जास्तीची आठवण योग्य आहे, कारण इतक्या दिवसांत माणसाच्या कामाच्या वेळा, गाव किंवा फोन नंबरही बदललेला असू शकतो.

सोमवारच्या अपॉइंटमेंटकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. तिची आदल्या दिवसाची आठवण रविवारी जाते आणि रविवारी दवाखान्यात फोन उचलायला कुणी नसतं. ‘काही अडचण असल्यास फोन करा’ असं लिहायचं आणि फोन वाजत ठेवायचा, याने माणूस कळवायचं सोडून देतो. सोमवारच्या लोकांना शनिवारी दवाखाना उघडा असताना आठवण करावी. दिवाळी-गणपतीच्या सुट्ट्यांनाही हाच नियम: दिवस मोजायचे ते दवाखाना उघडा असलेले.

सूचनेवरून ठरणारी वेळ

काही वेळा अंतर सूचनेवरून ठरतं. उपाशीपोटी करायची रक्ततपासणी हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. तपासणी सकाळी आठला असेल आणि ‘उपाशीपोटी या’ हा मेसेज सकाळी सात वाजता गेला, तर तोवर चहा-बिस्किटं होऊन गेलेली असतात. माणूस लॅबमध्ये येतो, काय खाल्लं ते सांगतो आणि त्याला परत पाठवलं जातं. आठवण झाली, माणूस वेळेवर आला, आणि तरीही फेरी वाया गेली. हा मेसेज आदल्या संध्याकाळी जेवणाच्या आधी, साधारण सात वाजता पोचायला हवा, आणि किती वाजल्यानंतर खायचं नाही ते त्यात घड्याळाच्या आकड्यात असायला हवं. कुणाला सोबत आणायचं असेल, जुने रिपोर्ट शोधून आणायचे असतील, तर ती सूचना आदल्या दिवशीच्या नव्हे, पहिल्या मेसेजात हवी. ज्या सूचनेची तयारी करायला जितका वेळ लागतो, तितक्या आधी ती जायला हवी.

माणसं कशाने चिडतात

मेसेज जास्त झाले म्हणून लोक चिडतात, असं वरवर दिसतं. जवळून पाहिलं तर चिडण्याची कारणं बरीच ठरावीक आहेत.

पहिलं कारण म्हणजे उत्तर देऊनही पुन्हा तोच प्रश्न येणं. ‘येतो’ म्हणून कळवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ‘आपण येणार का?’ असं विचारलं की आपलं बोलणं कुणी ऐकलंच नाही, असं त्याला वाटतं. दुसरं कारण म्हणजे बदललेल्या किंवा रद्द केलेल्या तारखेची आठवण येणं. फोनवर तारीख बदलून दिलेली असते, वहीत खाडाखोड झालेली असते, पण संगणकात जुनी नोंद तशीच राहते. मग माणसाच्या फोनवर दोन वेगवेगळ्या वेळा येऊन पडतात आणि तो तिसऱ्या वेळी येतो. तिसरं कारण म्हणजे एकच आठवण एकाच वेळी तीन ठिकाणांहून येणं. एसएमएस एका यंत्रणेतून, व्हॉट्सॲप दुसऱ्या, आणि दवाखान्याच्या ॲपची सूचना तिसऱ्या. दवाखान्याच्या लेखी तो एकच निरोप, घेणाऱ्याच्या फोनवर मात्र तीन. दवाखान्याने स्वतःच्या घरातला एखादा नंबर पेशंट म्हणून घालून महिनाभर काय काय येतं ते पाहावं. यातल्या बहुतेक चुका त्यातून दिसतात.

चौथं कारण जाहिरात. अपॉइंटमेंटच्या मेसेजला दात पांढरे करण्याच्या सवलतीची शेपटी जोडली की तो मेसेज आठवणीचा राहत नाही. भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याची आणि मेसेजच्या मजकुराच्या नमुन्याची नोंदणी करावी लागते. त्यात सेवेचे निरोप आणि जाहिराती हे प्रकार वेगळे ठेवलेले आहेत. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेतही असाच भेद आहे. तो पाळणं पेशंटच्या दृष्टीनेही शहाणपणाचं आहे. एकदा जाहिरात आली की पुढचा मेसेज माणूस न उघडताच सोडतो किंवा नंबर ब्लॉक करतो, आणि मग खरंच महत्त्वाचा निरोपही पोचत नाही.

पाचवं कारण फारसं बोललं जात नाही. आपल्याकडे कित्येक घरांत एकच फोन सगळे वापरतात. सुनेच्या नावाचा मेसेज सासरे वाचतात, मुलीचा भाऊ वाचतो. स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसोपचार किंवा गुप्तरोगाच्या दवाखान्यातून आलेल्या आठवणीत आजाराचं, तपासणीचं किंवा विभागाचं नाव असेल तर तिथे प्रश्न वैतागाचा राहत नाही, त्या व्यक्तीचं नुकसान होतं. असा एक मेसेजही जास्तच आहे. दवाखान्याचं साधं नाव, दिवस, वेळ आणि फोन नंबर एवढंच लिहावं. नंबर कुणाचा आहे आणि त्यावर मेसेज पाठवला तर चालेल का, हे अपॉइंटमेंट देतानाच विचारून घ्यावं.

चार ओळींचं वजन

संख्या वाढवण्याआधी मजकूर सुधारून पाहावा, याला चांगला आधार आहे. लंडनमधल्या बार्ट्स हेल्थ या सरकारी रुग्णालय-समूहात मेसेजची संख्या तीच ठेवून फक्त शब्द बदलून पाहिले गेले. त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. नेहमीच्या मेसेजला न येणाऱ्यांचं प्रमाण ११.१ टक्के होतं. ‘आपण आला नाहीत तर आरोग्यसेवेचे सुमारे १६० पौंड वाया जातात’ असं लिहिल्यावर ते ८.४ टक्क्यांवर आलं. एकही जास्तीचा मेसेज न पाठवता हा फरक पडला. आपल्याकडच्या खासगी दवाखान्याने पैशांचं असं बोलून दाखवलं तर ते लागेल. पण ‘येणं जमणार नसेल तर कळवा, ती वेळ दुसऱ्या पेशंटला देता येईल’ हे वाक्य त्याच जागी बसतं. आपली वेळ कुणाच्या तरी उपयोगी पडेल हे कळलं की न येणाऱ्यालाही फोन करायचा संकोच कमी होतो.

मराठीतून एसएमएस पाठवणाऱ्यांपुढे एक खास अडचण आहे. इंग्रजी लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘गुरुवार’ दिसायला चार अक्षरांचा, मोजायला सात. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे लागतात. म्हणून काही दवाखाने मराठी मेसेज इंग्रजी लिपीत लिहितात आणि ज्या आजींना देवनागरीच वाचता येते त्यांच्यासाठी तो मेसेज न पाठवल्यासारखा होतो. यावर उपाय म्हणजे नमस्कार-शुभेच्छा काढून टाकून दिवस, तारीख, वेळ आणि नंबर एवढंच देवनागरीत ठेवणं. दोन तुकड्यांचे पैसे पडले तरी एका रिकाम्या खुर्चीपेक्षा ते कितीतरी स्वस्त असतात.

मेसेजात नुसतं ‘उद्या’ लिहू नये. माणूस तो रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाचतो आणि त्याचा उद्या एक दिवस पुढे सरकतो. ‘५.३०’ च्या आधी ‘संध्याकाळी’ हवंच. लिंक टाळावी. फसवणुकीच्या बातम्यांमुळे अनोळखी लिंकवर बोट ठेवायला लोक घाबरतात आणि त्यांचं घाबरणं योग्यच आहे. आणखी एक गोष्ट दवाखान्यांच्या लक्षात येत नाही. संस्थेच्या संक्षिप्त नावाने आलेल्या एसएमएसला उत्तर पाठवता येत नाही. ‘१ किंवा २ पाठवा’ हे व्हॉट्सॲपवर चालेल, पण एसएमएसमध्ये साधा फोन नंबर द्यावा लागेल. शक्य असेल तर ‘रद्द करायचं असेल तर या नंबरवर मिस्ड कॉल द्या’ अशी सोय करावी. मिस्ड कॉल कसा द्यायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही, आणि ‘येत नाही’ असं तोंडाने सांगायचा अवघडलेपणाही त्यात टळतो.

जमतंय की नाही, कसं कळणार?

त्यासाठी वहीत तीन रकाने पुरतात: आले, आधी कळवून आले नाहीत, न कळवता आले नाहीत. बहुतेक ठिकाणी दुसरा आणि तिसरा रकाना एकत्रच लिहितात, आणि तिथेच फसगत होते. पहिल्या, लांबच्या आठवणीचं काम लोकांना यायला लावणं एवढंच नाही. तिसऱ्या रकान्यातली माणसं दुसऱ्या रकान्यात आणणं, हेही तिचं काम आहे. दोन्ही एकत्र मोजले तर तिचं यश दिसणारच नाही.

एका आठवड्याच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये. समजा आठवड्याला १२० अपॉइंटमेंट असतात आणि त्यांतले दहा टक्के, म्हणजे सरासरी १२ जण न कळवता चुकवतात. काहीही न बदलता हा आकडा निव्वळ योगायोगाने एखाद्या आठवड्यात सहावर येईल आणि दुसऱ्या आठवड्यात अठरावर जाईल. नवी पद्धत सुरू केली आणि सातच जण चुकले म्हणून खूश होऊ नये, सतरा चुकले म्हणून ती बंदही करू नये. चांगला मार्ग असा: दोन-तीन महिने नोंदवहीतल्या सम क्रमांकांना एक पद्धत आणि विषम क्रमांकांना दुसरी लावायची. पाऊस, परीक्षा आणि सण दोन्ही गटांना सारखेच भोवतात, त्यामुळे उरणारा फरक मेसेजचा असण्याची शक्यता खूप वाढते.

त्रासाचं मोजमाप मात्र वेगळं ठेवावं लागतं, कारण वैतागलेला माणूस तक्रार करत नाही, तो नुसता दूर होतो. डेन्मार्कमधल्या एका धर्मादाय संस्थेने देणगीदारांना आठवणीचे ईमेल पाठवले. त्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवणीमुळे देणग्या वाढल्या, पण त्याचबरोबर पत्ता यादीतून काढून टाकायला सांगणारेही वाढले. नुसत्या देणग्या मोजल्या असत्या तर दुसरी बाजू दिसलीच नसती. दवाखान्याने किती जणांनी ‘मेसेज नको’ म्हटलं, किती नंबरांवर निरोप पोचेनासे झाले आणि किती जुने पेशंट पुन्हा आलेच नाहीत, हे दर महिन्याला पाहावं. दुसरी आठवण सुरू केल्यावर तिसरा रकाना हलला नाही आणि ‘नको’ म्हणणारे मात्र वाढले, तर ती बंद करायची वेळ झाली असं समजावं.

आठवणीच्या शक्तीलाही मर्यादा आहे. ज्याच्याकडे पुढच्या बैठकीचे पैसे नाहीत, जो सुईला घाबरतो, ज्याची संध्याकाळची एसटी बंद झाली आहे, त्याला दहा मेसेज पाठवूनही तो येणार नाही. प्रत्येक मेसेजने त्याची लाज तेवढी वाढेल. असा माणूस ओळखता येतो: दोनदा चुकवतो, फोन केला तर ‘हो हो’ म्हणतो आणि तरी येत नाही. त्याला आठवण करण्याऐवजी विचारावं, ‘काय अडचण आहे? सकाळची वेळ चालेल का? पैसे थोडे-थोडे दिले तर जमेल का?’ हे विचारणं माणसाने माणसाला करायचं काम आहे. ज्यांना नुसती आठवण पुरते त्यांचं काम मेसेजवर सोपवलं की यासाठी रिसेप्शनवर वेळ उरतो, आणि दोन मेसेजवर थांबण्याचा दवाखान्याला होणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.